आजारपणामुळे हजेरी कमी पडली? प्राचार्यांना अर्ज असा लिहा

"आजारी असल्यामुळे मी कॉलेजला येऊ शकले नाही. तरी माझी कमी हजेरी माफ करून मला परीक्षेला बसू द्यावे, ही नम्र विनंती." एवढ्या दोन ओळी, खाली सही आणि मागे पिन केलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. आमच्या कॉलेजच्या उपस्थिती समितीत मी बरीच वर्षं काम करते आहे आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी असे अर्ज गठ्ठ्याने येतात. यातली बरीच मुलं खरोखर आजारी पडून गेलेली असतात. समोर उभं राहिलेल्या मुलाचे खांदे उतरलेले दिसतात, कपडे ढगळ झालेले दिसतात. तरीही तो अर्ज बाजूला ठेवावा लागतो, कारण निर्णय कागदावर लिहायचा असतो आणि त्या दोन ओळींत लिहिण्यासारखं काहीच नसतं.

समितीला खरं तर एकच गोष्ट पाहायची असते. आजारपणाचे दिवस वगळले, तर या विद्यार्थ्याची हजेरी पुरेशी होती का? होती, तर तूट आजारामुळे पडली हे सिद्ध झालं. नव्हती, तर आजार कितीही खरा असला तरी तूट फक्त त्याच्यामुळे पडली असं म्हणता येत नाही. चांगला अर्ज या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनी आणि तारखांनी देतो. तो कसा तयार करायचा, हे मी एका विद्यार्थिनीच्या प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आधी नियम कुठला लागतो ते बघा

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पदवीला असाल, तर सत्रातल्या सगळ्या तासिका आणि प्रात्यक्षिकं मिळून सरासरी ७५ टक्के हजेरी लागते आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के लागते. ही दुसरी अट मुलांना बहुधा ठाऊकच नसते, आणि आजारपणात नेमकी तीच अंगावर येते. विधी शाखेचं गणित निराळं आहे. तिथे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. अपवादात्मक परिस्थितीत, त्या विषयात किमान ६५ टक्के आणि सगळ्या विषयांत मिळून ७० टक्के हजेरी असेल, तर प्राचार्य परवानगी देऊ शकतात. वैद्यकीय, फार्मसी अशा शाखांना त्यांच्या त्यांच्या परिषदांचे नियम लागू होतात. बाकीच्यांनी आपल्या विद्यापीठाचा आकडा कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत शोधावा किंवा ऑफिसात विचारावा. अर्जात चुकीचा नियम लिहिला, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

मस्टरवरून आपला हिशेब मांडा

ही मुलगी द्वितीय वर्ष बी.एस्सी.ची, वसतिगृहात राहणारी. ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली. १८ ऑगस्टपासून २७ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ४१ दिवस, ती कॉलेजला आली नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर डिफॉल्टर लिस्ट लागली तेव्हा तिच्या नावापुढे ५९ टक्के लिहिलेलं होतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एकच आकडा होता, तो ५९. मी तिला आधी विषयवार हजेरी काढून आणायला सांगितलं. वर्गशिक्षकांकडे किंवा विभागाच्या ऑफिसात ही मिळते. तोंडी विचारू नका, उतारा घ्या. आणि मागताना दोन भाग वेगळे मागा: पूर्ण सत्राची हजेरी आणि आजारपणाच्या तारखांमध्ये झालेल्या तासिका.

तिचा हिशेब असा निघाला. सत्रात एकूण ३६० तासिका झाल्या, ती २१४ ला हजर होती. ७५ टक्क्यांसाठी २७० हव्या होत्या, म्हणजे ५६ कमी पडल्या. आजारपणाच्या ४१ दिवसांत, रविवार आणि गणपतीची सुट्टी सोडून, १२८ तासिका झाल्या. त्या ३६० मधून वजा केल्या की उरतात २३२. या २३२ पैकी ती २१४ ला हजर होती, म्हणजे ९२ टक्के. ५९ टक्के पाहून समितीला ती तास बुडवणारी वाटली असती. ९२ पाहिल्यावर तिच्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

मग विषयवार पाहिलं आणि अडचण सापडली. संख्याशास्त्राच्या ४८ तासिकांपैकी तिला २२ च मिळाल्या होत्या, ४५.८ टक्के. तिला वाटलं, दोनच तासिका कमी आहेत, दोन जादा तास केले की २४ होतील. पण जादा तास घेतला की झालेल्या तासिकांचा आकडाही वाढतो. दोन तास केले असते तर ५० पैकी २४ झाले असते, म्हणजे ४८ टक्केच. तिला चार तास हवे होते, तेव्हा कुठे ५२ पैकी २६ होऊन बरोबर ५० टक्के भरतात. त्या विषयाच्या सरांना उजळणीचे जादा तास घ्यायचेच होते. ते वर्गासाठी होते, हजेरी घेतली जाणार होती, आणि सरांनी तसं लिहून दिलं. तुमच्या बाबतीत असा मार्ग असेल तर अर्ज देण्याआधीच विषयशिक्षकांशी बोला. एखाद्या विषयाची किमान हजेरीच भरत नसेल, तर फक्त सरासरीच्या जोरावर समितीला पुढे जाता येत नाही.

कागद तारखेला तारीख जुळवून लावा

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक या पायरीवर. अनुपस्थितीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक रेघ ओढा आणि कोणता कागद त्या रेघेचा कोणता तुकडा झाकतो ते लिहा.

तिच्या रेघेवर हे कागद बसले. १९ ऑगस्टचा रक्ततपासणीचा अहवाल, त्यात बिलिरुबिन ९.८ होतं, सामान्यपणे ते १.२ च्या आत असतं. २० ते २४ ऑगस्ट रुग्णालयात दाखल, त्याचं डिस्चार्ज कार्ड, त्यावर दोन आठवडे विश्रांतीचा सल्ला. म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत रेघ झाकली गेली. त्यानंतर १२ सप्टेंबरला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला केसपेपर, त्याच दिवशीचं बिलिरुबिन ४.१ आणि आणखी दोन आठवडे विश्रांती. २६ सप्टेंबरचा अहवाल १.३. २७ सप्टेंबरचं फिटनेस सर्टिफिकेट.

मध्ये ८ ते ११ सप्टेंबर हे चार दिवस उघडे राहिले. विचारलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, आजी मला गावातल्या एकांकडे कावीळ उतरवायला घेऊन गेली होती. त्यांनी पाला दिला. त्याचा कागद कुठून आणू?" आपल्याकडे काविळीत हे घरोघर होतं. तिच्या वडिलांनी त्यावर उपाय म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून १८ ऑगस्ट ते २७ सप्टेंबर असं सरसकट एक सर्टिफिकेट आणलं होतं. ते मी तिला लावू दिलं नाही.

कारण सांगते. अशी सर्टिफिकेटं समितीच्या लगेच लक्षात येतात. ४१ दिवसांचा आजार आणि कागद एकाच दिवशी, एकाच पेनाने लिहिलेला. त्यात लिहिलेलं असतं "माझ्या उपचाराखाली होती", आणि सोबतचं डिस्चार्ज कार्ड सांगतं की त्याच तारखांना ती दुसऱ्याच शहरात दाखल होती. कधी सर्टिफिकेटातल्या तारखेलाच प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर शिक्षकांची सही सापडते. एक कागद खोटा ठरला की खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो, आणि खऱ्या आजारी मुलीचं नुकसान होतं.

ते चार दिवस आम्ही अर्जात सरळ लिहिले: या काळात घरीच होते, उपचाराचा कागद नाही. त्या चार दिवसांची साक्ष १२ तारखेच्या अहवालानेच दिली. १९ ऑगस्टला ९.८ आणि १२ सप्टेंबरला ४.१ असलेली मुलगी ८ तारखेला बरी होऊन फिरत असेल, असं कोणी म्हणणार नाही.

सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, सही, आजाराचं नाव, विश्रांतीच्या "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन्ही तारखा आणि दिल्याची तारीख एवढं असलंच पाहिजे. नुसतं "अस्वस्थ प्रकृती" लिहिलेलं चालत नाही. काही कॉलेजं खासगी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर सरकारी रुग्णालयाची प्रतिस्वाक्षरी मागतात. ते आधी विचारून घ्या, कारण त्याला वेळ लागतो. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, स्वसाक्षांकित प्रती जोडा, पडताळणीच्या दिवशी मूळ घेऊन जा. मानसिक आजार, स्त्रीरोग किंवा टीबीसारखं काही असेल आणि ते सगळ्यांनी वाचू नये असं वाटत असेल, तर वैद्यकीय कागद बंद पाकिटात घालून त्यावर "गोपनीय, फक्त मा. प्राचार्यांसाठी" असं लिहून द्या. अर्जात "वैद्यकीय कागद बंद पाकिटात सोबत" एवढं लिहिलं की पुरतं.

आता अर्ज

अर्ज एका पानात बसवा. तिचा अर्ज साधारण असा होता:

दिनांक: १६ ऑक्टोबर

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचे नाव व पत्ता)

मार्फत: मा. विभागप्रमुख, संख्याशास्त्र विभाग

विषय: प्रदीर्घ आजारपणामुळे तिसऱ्या सत्रातील उपस्थितीत पडलेली तूट क्षमापित करून सत्रान्त परीक्षेस बसण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी (संपूर्ण नाव), द्वितीय वर्ष बी.एस्सी., तुकडी अ, हजेरी क्रमांक (…), आपल्या महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी आहे. मला कावीळ झाल्यामुळे मी दि. १८ ऑगस्ट ते २७ सप्टेंबर या काळात महाविद्यालयात उपस्थित राहू शकले नाही. याबाबत वर्गशिक्षकांना दि. २१ ऑगस्ट रोजी ईमेलने कळवले होते.

या सत्रात एकूण ३६० तासिका झाल्या असून माझी उपस्थिती २१४, म्हणजे ५९.४४ टक्के आहे. आजारपणाच्या काळात १२८ तासिका झाल्या. त्या वगळता उर्वरित २३२ पैकी २१४ तासिकांना, म्हणजे ९२.२४ टक्के, मी उपस्थित होते. संख्याशास्त्र विषयात माझी उपस्थिती ४८ पैकी २२ आहे. या विषयाच्या नियोजित चार जादा तासिकांना मी उपस्थित राहणार असून विषयशिक्षकांचे तसे पत्र सोबत जोडले आहे.

दि. २० ते २४ ऑगस्ट मी रुग्णालयात दाखल होते. त्यानंतर वैद्यकीय सल्ल्यानुसार घरी विश्रांती घेतली. दि. ८ ते ११ सप्टेंबर या चार दिवसांचा स्वतंत्र वैद्यकीय कागद माझ्याकडे नाही. त्या काळात मी घरीच होते व दि. १२ सप्टेंबरच्या तपासणीत कावीळ कायम असल्याचे दिसते. दि. २८ सप्टेंबरपासून मी नियमित उपस्थित आहे.

तरी आजारपणामुळे पडलेली ५६ तासिकांची तूट क्षमापित करून मला सत्रान्त परीक्षेस बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)
पालकांची सही

सोबत: १) विषयवार उपस्थितीचा उतारा २) रक्ततपासणीचे तीन अहवाल ३) डिस्चार्ज कार्ड ४) ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर ५) फिटनेस सर्टिफिकेट ६) विषयशिक्षकांचे पत्र ७) वर्गशिक्षकांना पाठवलेल्या ईमेलची प्रत

यात पहिल्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य फार उपयोगी पडलं. तिच्या भावाने तिच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवल्या होत्या: कावीळ झाली आहे, रुग्णालयात दाखल केलं आहे, किती दिवस लागतील ते नंतर कळवतो. तेव्हा डिफॉल्टर लिस्टचा पत्ताही नव्हता, म्हणून त्या ओळींना वजन आलं. तुम्ही हे आत्ता अंथरुणातूनच वाचत असाल, तर बाकी सगळं नंतर करा, पण तेवढा ईमेल आजच वर्गशिक्षकांना पाठवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर कळवलं असेल, तर तो मेसेज तारखेसह जपून ठेवा.

अर्जात रडकथा लिहू नका. घरची परिस्थिती, वर्ष वाया जाण्याची भीती, आईवडिलांचे कष्ट हे सगळं खरं असतं, पण त्याने हजेरीचा प्रश्न सुटत नाही आणि मुद्दे त्याच्याखाली दबतात. "सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा" एवढं म्हणायचं तर म्हणा. कॉलेजचा कारभार इंग्रजीत चालत असेल, तर हाच क्रम ठेवून इंग्रजीत लिहा.

देताना

अर्जाच्या दोन प्रती काढा. आधी विभागप्रमुखांकडे जा, त्यांचा शेरा घ्या. "शिफारस" हा एक शब्द आणि सही असली तरी चालते. मग ऑफिसच्या आवक खिडकीवर एक प्रत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच फार महत्त्वाची. "सरांच्या टेबलावर ठेवला होता" असं सांगणारी मुलं दर वर्षी असतात, आणि त्या अर्जाचा माग कुणालाच लागत नाही. यादी लागल्यावर जी मुदत दिलेली असते, बहुधा थोड्याच दिवसांची, ती चुकवू नका.

समितीपुढे बोलावलं, तर पालकांना सोबत न्या, पण उत्तरं स्वतः द्या. आम्ही तिला दोनच प्रश्न विचारले. आजारपणाखेरीज १८ तासिका बुडाल्या, त्या का? ती म्हणाली, "जून-जुलैत पावसात लोकल बंद होत्या तेव्हाच्या काही, आणि काही माझ्याच चुकीने." दुसरा प्रश्न, बुडालेला अभ्यास कसा भरून काढते आहेस? तिने मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलेली वही पुढे केली. परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली तरी दोन कामं उरतात

हजेरी माफ झाली म्हणजे आजारपणात बुडालेली अंतर्गत चाचणी माफ होत नाही. तिच्यासाठी परीक्षा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला हेच कागद जोडा. तसंच प्रात्यक्षिकांचं जर्नल. बुडालेले प्रयोग पूर्ण करून जर्नल प्रमाणित झालं नाही, तर लेखी परीक्षेची परवानगी हातात असूनही प्रात्यक्षिक परीक्षेच्या दाराशी अडकायला होतं. तिचे पाच प्रयोग राहिले होते. प्रयोगशाळा साहाय्यकांनी दोन शनिवार प्रयोगशाळा उघडी ठेवली म्हणून ते झाले.

नकार आला तर

नकार लेखी आणि कारणासह मागा. कारण कागद अपुरे हे असेल, तर राहिलेला कागद जोडून फेरविचाराचा अर्ज त्याच दिवशी द्या, आधीच्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन. कारण चुकीचं आहे असं वाटत असेल, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे जा. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. परीक्षा तोंडावर असते, म्हणून तक्रारीत परीक्षेची तारीख ठळक लिहा.

काही वेळा हिशेबच सांगतो की अर्ज टिकणार नाही. आजारपण वगळूनही हजेरी ५० टक्क्यांवरच थांबते, किंवा आजार इतका लांबला की सत्रभरात जेमतेम वीस-पंचवीस तासिकांनाच हजेरी लागली. अशा वेळी वर्गशिक्षकांना भेटून ते सत्र पुढच्या वर्षी पुन्हा करण्याबद्दल आणि फीबद्दल वेळेत विचारून घ्या. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी हे बोलणं झालं, तर निदान परीक्षा फी तरी वाचते.